चार्टातली छाती कोणाची, अंगाची की शर्टाची?

माझ्याकडे एक जुना सुती शर्ट आहे, तो मला अगदी मापात बसतो. तसाच नवा ऑनलाइन घ्यायचाय. जुना शर्ट टेबलावर पसरून मोजला: छाती सपाट ५४ सेंमी, म्हणजे दुप्पट १०८. खांदा ४५, लांबी ७३, बाही ६१.५. विक्रेत्याच्या साइज चार्टात छाती अशी आहे: एस ९५, एम १००, एल १०५, एक्सएल ११०. एमसमोर खांदा ४५.५, लांबी ७५, बाही ६२.५ आहे आणि एक्सएलसमोर ४८.५, ७९, ६५.५. माझ्या अंगाची छाती ९८ भरते. मागच्या वेळी याच विक्रेत्याकडून १०८ च्या जवळचा आकडा म्हणून एक्सएल मागवला, तर अगदी ढगळ आला. सपाट मापाची पद्धतच चुकीची आहे, की मी कुठे चुकतोय?

पद्धत बरोबर आहे, दुप्पटही बरोबर केलीत. घोटाळा पुढच्या पायरीवर झाला. तुम्ही शर्टाचं माप घेतलं आणि ते माणसाच्या मापाशी ताडून पाहिलं. या चार्टातली छाती शर्टाची नाही, तो शर्ट ज्याला बसायचा त्या माणसाची आहे. तुमच्यासाठी यातला साइज एम आहे. हे मी तुमच्याच आकड्यांवरून सांगतोय. ते कसं, तेवढं समजून घेतलंत की पुढच्या वेळी वेगळा चार्ट आला तरी अडणार नाही.

छातीचा आकडा दोन प्रकारांनी दिलेला असतो. एक अंगाचं माप: उघड्या छातीभोवती किंवा पातळ बनियनवरून टेप फिरवून येतं ते. दुसरं तयार कपड्याचं माप: शिवून झालेला शर्ट सपाट ठेवून मोजला की येतं ते. या दोन मापांमध्ये जो फरक असतो तो सैलपणा, शिवणकामाच्या भाषेत लूझिंग. न ताणणाऱ्या कापडाचा शर्ट अंगाच्या मापाइतकाच शिवला तर बटणं लागतील, पण श्वास घेता येणार नाही आणि हात पुढे केला की पाठीवर तडतडेल. म्हणून अंगाबरोबरच्या शर्टालाही ८ ते १० सेंमी सैलपणा ठेवतात, साध्या नेहमीच्या शर्टाला १० ते १५, आणि मुद्दाम घोळदार शिवायचा असेल तर २० च्या पुढेही जातात.

आता तुमचा आवडता शर्ट बघा. शर्ट १०८, अंग ९८, म्हणजे सैलपणा १० सेंमी. हा आकडा लिहून ठेवा. तुम्हाला ‘मापात बसतो’ म्हणजे नेमकं किती, ते याच आकड्यात आहे, आणि कुठल्याही चार्टापेक्षा तो जास्त कामाचा आहे. कारण एखाद्याला ८ सेंमीत बरं वाटतं, एखाद्याला १५ शिवाय गुदमरल्यासारखं होतं, आणि हे चार्ट बनवणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नाही.

या चार्टातला ११० हा आकडा अंगाचा धरला, तर एक्सएलचा शर्ट ११० छातीच्या माणसासाठी कापलेला आहे. त्यावर ११ सेंमी सैलपणा धरला तरी तयार शर्ट १२१ च्या आसपास जातो. तुमच्या आवडत्या शर्टापेक्षा घेरात १३ सेंमी जास्त. ढगळ येणारच होता.

आता खरा प्रश्न हा की छातीचा आकडा अंगाचा आहे हे मागवण्याआधी ओळखायचं कसं. चार्टावर तसं स्पष्ट लिहिलं असेल तर प्रश्नच नाही. ‘बॉडी मेजरमेंट’ किंवा ‘टू फिट’ म्हणजे अंग, ‘गारमेंट मेजरमेंट’ म्हणजे कपडा. पण पुष्कळदा काहीच लिहिलेलं नसतं. मग दोन-तीन खुणा बघायच्या. आकडा पल्ल्यात दिला असेल, म्हणजे ९६ ते १०१ असा, तर तो अंगाचाच. कारण शिवलेल्या शर्टाला पल्ला नसतो, त्याला एकच माप असतं. शेजारी माणसाची आकृती आणि तिच्या छाती-कंबरेभोवती रेघा असतील तरी अंगाचं. शर्टाचं चित्र काढून त्याच्या एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत बाण दाखवला असेल तर कपड्याचं. आणि आकडा ५० ते ६० च्या घरात असेल तर तो सपाट, अर्धा आकडा, मोठ्या माणसाची छाती तेवढी असूच शकत नाही. हे सोपे प्रकार झाले.

तुमचा चार्ट मात्र मिश्र आहे, आणि असे चार्ट फार असतात. छाती अंगाची, पण खांदा, लांबी आणि बाही शर्टाची. असं होण्यामागे काही डाव नसतो. साइज ठरवताना कारखाना अंगाच्या छातीपासून सुरुवात करतो, त्यामुळे तो आकडा कागदावर आधीच असतो. लांबी मात्र शर्टाचीच असू शकते, माणसाला ‘शर्टाची लांबी’ नसते. मग चार्ट भरणारा दोन कागदांवरचे आकडे एका तक्त्यात उतरवतो आणि कुठल्या रकान्यात काय आहे ते लिहायचं राहून जातं.

मिश्र चार्ट पकडायचा उपाय तुमच्याच प्रश्नात आहे. एकेक रकाना वेगळा घ्या आणि विचारा, माझा आवडता शर्ट या रकान्याप्रमाणे कुठल्या साइजचा? तुमचा खांदा ४५, एमचा ४५.५ आहे आणि एक्सएलचा ४८.५. म्हणजे खांदा म्हणतो एम. बाही ६१.५, एमची ६२.५, एक्सएलची ६५.५. बाहीसुद्धा एमच्याच बाजूची. लांबी ७३, एमची ७५, एक्सएलची ७९. लांबी एमकडे, फार तर एसकडे झुकते. आणि छाती एकटीच ओरडून सांगते एक्सएल. तीन रकाने एका साइजपाशी आणि एकच रकाना दोन साइज पलीकडे, असं दिसलं की तो एकटा रकाना वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय असं समजायचं. ४५.५ खांद्याच्या आणि ७५ लांबीच्या शर्टाची तयार छाती १०० असेल, तर तो अंगाला चिकटलेला, अगदी बारीक कापलेला शर्ट असला पाहिजे. विक्रेत्याने त्याला ‘रेग्युलर फिट’ म्हटलं असेल तर हे जमत नाही. १०० अंग आणि तयार शर्ट १११ च्या आसपास, हे मात्र सगळ्या आकड्यांशी जमतं.

अर्थात, खांदा आणि छाती यांचं नातं प्रत्येक कापात थोडं वेगळं असतं, त्यामुळे एका साइजचा फरक निघाला तर मी लगेच निष्कर्ष काढणार नाही. दोन साइजचा निघाला तर काढीन.

तुमच्याकडे तर याहून पक्की एक गोष्ट आहे. तो ढगळ एक्सएल परत पाठवला नसेल, तर तोच मोजा. त्याची सपाट छाती ६० ते ६१ भरली, म्हणजे दुप्पट साधारण १२१, तर चार्टातला ११० अंगाचा आहे यात शंका उरणार नाही. शिवाय चार्टात दर साइजला छाती ५ सेंमीने वाढते, तर शिवलेला शर्टही त्याच पायरीने वाढवलेला असणार. एक्सएल १२१, तर एल ११६ आणि एम १११. न बसलेल्या शर्टावरून बसणाऱ्याचं माप असं निघतं. तो धुतला असेल तर आकडा थोडा कमी येईल, त्याबद्दल पुढे सांगतो.

शर्ट परत गेला असेल तर विक्रेत्याला विचारा, पण प्रश्न नेमका हवा. ‘एम मला बसेल का?’ याला उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘छाती किती?’ असं विचारलंत तर तो चार्टाकडे बघून १०० सांगेल. म्हणून असं लिहा: ‘एम साइजचा शर्ट बटणं लावून सपाट ठेवा आणि काखेच्या शिवणीच्या २.५ सेंमी खाली, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत किती सेंमी भरतं ते कृपया मोजून कळवा.’ उत्तर ५५ किंवा ५६ आलं तर तो खरंच मोजून सांगतोय. ५० आलं तर त्याने १०० चे निम्मे करून दिले असण्याची शक्यता मोठी. तेव्हा टेप लावलेला फोटो मागा.

हे सगळं ज्या ५४ वर उभं आहे तो आकडा तुम्ही कसा घेतलात, हेही पाहू. सपाट मापात एक खाच आहे: अर्धं माप घेऊन दुप्पट करतो, तेव्हा चूकही दुप्पट होते. टेबलावर १ सेंमी चुकलात तर घेरात २ सेंमी चुकलात, आणि एका साइजची पायरी ५ सेंमीची आहे. माझी बरीच वर्षं कपड्यांच्या कारखान्यात मापं तपासण्याच्या टेबलापाशी गेली. तिथे नव्या माणसाला पहिले काही दिवस एकच शर्ट पुन्हा पुन्हा मोजायला देत, आणि तोच माणूस त्याच शर्टाची छाती सकाळी ५३ आणि दुपारी ५४.५ सांगत असे.

पलंगावर मोजू नका. गादी दबते, शर्ट तिच्यासोबत खाली जातो आणि माप वाकडं होतं. टेबल किंवा फरशी हवी. शर्टाची सगळी बटणं लावा, कारण मधली दोन उघडी राहिली की पुढची पट्टी सरकते. इस्त्री केलेली असेल तर उत्तम. नसेल तर हाताच्या तळव्याने मधून कडेकडे सुरकुत्या सारा, पण कापड ओढू नका. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांवर नीट बसले आहेत ना, बाजूच्या शिवणी खरोखर कडेला आहेत ना, ते बघा. बहुतेक चुका इथेच होतात, वरून सरळ दिसतं आणि खाली पाठीची घडी पडलेली असते. आत हात घालून एकदा चाचपून घ्या. पाठीला योकच्या, म्हणजे खांद्यावरच्या दुहेरी कापडाच्या पट्टीच्या, खाली चुणी असेल तर ती जशी पडते तशी पडू द्या, ओढून उघडू नका आणि दाबून मिटूही नका.

मग काखेपाशी या. जिथे बाही, पुढा, पाठ आणि बाजू अशा सगळ्या शिवणी एकत्र येतात त्या गाठीवर मोजू नका, तिथे कापड जाड होऊन उचललं जातं. २.५ सेंमी खाली या आणि तिथून पलीकडच्या त्याच जागेपर्यंत सरळ टेप धरा. सगळेच विक्रेते इथेच मोजतात असं नाही, काही थेट काखेपाशी मोजतात. बहुतेक शर्ट खाली कंबरेकडे थोडे निमुळते असतात, त्यामुळे या दोन जागांच्या मापात अर्धा सेंमी फरक पडू शकतो. तीनदा मोजा, दर वेळी शर्ट उचलून पुन्हा पसरून. तिन्ही आकडे अर्ध्या सेंमीच्या आत असतील तर मधला घ्या.

टेपही तपासा. कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून लांबतो, हे मी ऐकून होतो पण घरच्या टेपवर कधी शंका घेतली नव्हती. एकदा स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवला तर मीटरमागे दीड सेंमी लांब निघाला. म्हणजे इतकी वर्षं घरातली प्रत्येक छाती मी कमी मोजत होतो. तुमचा टेप कुठल्याही धातूच्या पट्टीशी एकदा ताडून बघा, विशेषतः सुरुवातीचं टोक: शून्य धातूच्या टोकापासून सुरू होतो की त्याच्या पुढून.

खांदा मोजताना शर्ट टेबलावर पालथा पसरा आणि एका बाहीच्या शिवणीच्या वरच्या टोकापासून दुसरीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजा. योकच्या वळणावरून टेप फिरवू नका. हा आकडा दुप्पट करायचा नसतो, लांबी आणि बाहीचाही नाही. हे सांगायची गरज वाटू नये, पण छाती दुप्पट केल्यावर त्याच ओघात खांदाही दुप्पट केलेले मी पाहिले आहेत. लांबीत मात्र एक खरा गोंधळ आहे: काही जण कॉलर जिथे खांद्याला मिळते त्या सर्वांत उंच बिंदूपासून मोजतात, काही पाठीकडून कॉलरच्या खालच्या शिवणीच्या मध्यापासून. पाठीकडचा बिंदू खाली असतो, म्हणून तसं मोजलेली लांबी साधारण २ सेंमी कमी भरते. चार्टाच्या चित्रात बाण कुठून निघतो ते बघून तुमचा शर्ट तसाच मोजा. बाहीचंही तेच. चार्टात बाही ८४-८५ दिसली तर घाबरू नका, ती मानेच्या मागच्या मध्यापासून खांद्यावरून कफपर्यंत मोजलेली आहे. तुमच्या शर्टाची तशी बाही अर्धा खांदा २२.५ अधिक ६१.५, म्हणजे ८४ होईल.

आता धुण्याचा भाग, कारण तो बहुतेकांच्या हिशेबात नसतोच. तुमचा आवडता शर्ट कितीतरी वेळा धुतलेला आहे. त्याला जेवढं आटायचं होतं तेवढा तो आटून झाला. चार्टातली मापं मात्र न धुतलेल्या कोऱ्या शर्टाची आहेत. म्हणजे तुम्ही म्हाताऱ्याची उंची तरुणाशी ताडून बघताय. सुती कापड विणताना आणि नंतर प्रक्रिया करताना लांबीच्या दिशेने ताणलेलं राहतं. पाण्यात धागा फुगतो, तो ताण सुटतो आणि कापड आखडतं. म्हणून शर्ट रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतो. बरं सुती शर्टिंग पहिल्या काही धुण्यांत लांबीला २ ते ३ टक्के आणि रुंदीला १ ते २ टक्के आटलं तर त्यात नवल काही नाही. टी-शर्टचं विणीव कापड याहून बरंच जास्त आटू शकतं. आधीच आटवून घेतलेलं कापड असेल तर विक्रेता सहसा ‘प्री-श्रंक’ असं लिहितो. मग ही वजाबाकी कमी धरा, पण शून्य धरू नका.

हा हिशेब तुमच्या एमवर लावून बघू. लांबी ७५, तीन टक्के म्हणजे सव्वा दोन सेंमी, धुतल्यावर साधारण ७२.७५. तुमच्या शर्टाची ७३ आहे. मघाशी लांबी एसकडे झुकते असं जे वाटत होतं ते यामुळेच. एसची कोरी लांबी चार्टात ७३ असेल, ती धुतल्यावर ७१ वर येईल आणि हात वर केला की शर्ट पॅंटमधून बाहेर निघेल. छाती १११, दीड-दोन टक्के वजा, साधारण १०९. तुमची १०८. बाही ६२.५ ची ६१ च्या आसपास होईल, तुमची ६१.५ आहे. खांदा फारसा आटत नाही, योक दुहेरी कापडाचा असतो आणि चहूकडून शिवलेला असतो. ४५.५ विरुद्ध ४५, हाताला जाणवणारही नाही. म्हणजे पाच-सहा धुण्यांनंतर एम तुमच्या आवडत्या शर्टाच्या अगदी जवळ येऊन बसतो, आणि अंगावरचा सैलपणा ११ सेंमी राहतो. एसचा तयार शर्ट १०६ धरला तर धुतल्यावर १०४, म्हणजे सैलपणा ६ सेंमीच. त्यात बटणांच्या मध्ये फटी पडतील. एल ११६ वरून ११४ ला येईल, सैलपणा १६. घालता येईल, पण तुमच्या आवडत्यासारखा दिसणार नाही.

पहिल्यांदा अंगात घालाल तेव्हा मात्र एम थोडा लांब आणि थोडा मोकळा वाटेल. लगेच ‘एस घ्यायला हवा होता’ म्हणू नका.

एक मर्यादा आधीच सांगतो. चार्टातल्या आकड्याइतका तंतोतंत शर्ट येतोच असं नाही. कापड थरावर थर रचून एकदम कापतात, वरच्या आणि खालच्या थरात किंचित फरक पडतो, शिवण कधी आत जाते कधी बाहेर. आमच्या टेबलावर सपाट छातीत १ सेंमी इकडचा तिकडचा चालवून घेत. म्हणजे घेरात २ सेंमी कमी किंवा २ सेंमी जास्त. एकाच साइजचे दोन शर्ट, एक या टोकाचा आणि एक त्या टोकाचा, घेरात ४ सेंमीने वेगळे असू शकतात आणि दोन्ही तपासणीत पास झालेले असतात. एका साइजची पायरी ५ ची, हे लक्षात घेतलं की ‘याच ब्रँडचा मागचा एम मोठा होता’ या तक्रारीमागचं कारण कळतं. म्हणून दोन साइजच्या मधोमध आकडा आला तर दशांशावर डोकं फोडू नका.

मधोमध आला तर खांद्याकडे बघून ठरवा. छाती जास्त झाली तर बाजूच्या शिवणी आत घेता येतात, बाही आणि लांबी कापता येते. खांदा मोठा झाला तर बाही उसवून, मुंढा नव्याने कापून, पुन्हा लावावी लागते आणि ते काम क्वचितच चांगलं होतं. खांदा बरोबर आणि छाती थोडी जास्त, हा शर्ट वाचवता येतो. छाती बरोबर आणि खांदा दंडावर उतरलेला, याला काही इलाज नाही.

हे सगळं लागू पडतं ते नवा शर्ट जुन्याच्याच जातीचा असेल तेव्हा. मुद्दाम दंडावर उतरवलेल्या खांद्याचा, म्हणजे ड्रॉप शोल्डरचा शर्ट असेल, तर खांद्याचा रकाना ताडून काही उपयोग नाही. तिथे खांदा ५२ असला तरी तो चुकीचा नसतो, आणि त्याची बाही तेवढीच आखूड असते. खांदा आणि बाही जोडून मोजा, म्हणजे मानेच्या मध्यापासून कफपर्यंत, ते माप दोन्ही कापांत ताडता येतं. कापडात ताण असेल, टी-शर्ट किंवा स्ट्रेच असेल, तर १० सेंमी सैलपणाचा तुमचा आकडा तिथे नेऊ नका. अंगाच्या मापापेक्षा कमी मापाचा स्ट्रेच टी-शर्टही आरामात बसतो, त्यासाठी दुसरा आवडता टी-शर्टच पसरावा लागेल. छातीला टक्स घातलेले कपडे तर सपाट पडतच नाहीत. टक्स कापडाला फुगवटा देतो, तो टेबलावर दाबला की घडी पडते आणि माप कमी येतं. तिथे सपाट माप अंदाजापुरतंच धरा आणि अंगाच्या मापाच्या चार्टावर जास्त भरवसा ठेवा. पॅंटचं गणित वेगळं आहे, एवढंच सांगतो की लेबलवरचा ३२ हा इंचांचा आकडा टेपवर ३३ किंवा ३४ भरू शकतो, त्यामुळे लेबल न वाचता पट्ट्याच्या दोन्ही कडा, पुढची आणि मागची, जुळवून मोजा.

आणि ज्या शर्टावर हे सगळं उभं करायचं तो खरंच बसतो का, हे एकदा तटस्थपणे बघा. जुना शर्ट कोपरात आणि पाठीत मऊ पडतो, कॉलर ढिली होते, आणि सवयीमुळे आपण त्याला ‘मापात’ म्हणतो. तो घालून दोन्ही हात समोर लांब करा. पाठीवर आडव्या रेघा ताणल्या आणि कफ मनगटावरून चार बोटं मागे गेला, तर त्याचं माप तुम्हाला हवं त्यापेक्षा कमी आहे, आणि नव्यात ते वाढवून घ्यायची हीच संधी.

एम आल्यावर अंगात घालण्याआधी, टॅग न काढता, त्याच टेबलावर त्याच टेपने तसाच मोजा. सपाट छाती ५४.५ ते ५६.५ मध्ये, खांदा ४५ ते ४६ मध्ये असेल तर घालून बघा. छाती ५० किंवा ५१ भरली तर माझा अंदाज चुकला आणि चार्ट खरोखर शर्टाच्या मापाचा होता. मग तो ढगळ एक्सएल चुकीच्या लेबलचा होता असं म्हणावं लागेल, आणि शर्ट न धुता परत पाठवा. एकदा पाण्यात घातला की तो कोणी परत घेत नाही.